कॅथेटर बाजूने गळतोय आणि बॅग रिकामी: डायपर लावण्याआधी हे बघा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कॅथेटरची रोजची निगा सोपी आहे. दिवसातून एकदा साबण-पाण्याने नळीचा शरीराजवळचा भाग पुसायचा, शरीराकडून बॅगेकडे, उलटं कधीच नाही. पुरुष असेल तर स्वच्छ केल्यावर पुढची कातडी परत जागेवर आणायचीच, विसरलात तर सूज येऊन वेगळंच संकट. नळी मांडीला चिकटपट्टीने थोडी ढिली ठेवून लावायची. बॅग अर्धी-पाऊण भरली की खालच्या तोंडाने रिकामी करायची आणि ते तोंड भांड्याला टेकू द्यायचं नाही. डेटॉलबिटॉल ओतू नका, पावडर लावू नका.

बॅग नेहमी ओटीपोटाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. कूस बदलताना बॅग पेशंटच्या अंगावर ठेवायची सवय खूप जणांना असते, ती मोडा, कारण बॅगेतली लघवी मागे फिरते. आधी बॅग दुसऱ्या बाजूला न्या आणि मग माणूस वळवा.

आता खरा अवघड भाग, ज्यात मी स्वतः बराच काळ चाचपडले. नळी बंद झालीय हे ओळखायचं कसं? लोकांना वाटतं नळी चोंदली म्हणजे लघवी थांबणार, पण बऱ्याचदा ती थांबत नाही, नळीच्या बाजूने बाहेर येते. मग घरातलं कोणीतरी म्हणतं "गळतंय म्हणजे होतेय ना, डायपर लाव". हा सल्ला मला अजिबात पटत नाही, कारण आतलं मूत्राशय भरलेलंच असतं आणि जे बाहेर येतं ते फक्त ओसंडलेलं.

आमच्याकडच्या आजोबांचंच सांगते. सकाळी सहाला बॅग रिकामी केली, दहाला बघितलं तर तळाशी जेमतेम दोन बोटं लघवी आणि चादर ओली. चार तासांत नीट पाणी पिणाऱ्या माणसाची दीड-दोनशे मिली तरी जमायला हवी. आजोबा सारखे पाय हलवत होते, कपाळाला घाम, विचारलं तर "काही नाही" म्हणायचे. पहिलं काम बॅगेकडून वर नळी चाचपत जाणं: कुठे दुमडलीय का, मांडीखाली दबलीय का, नळीच्या खाली लोंबत्या वळशात लघवी साचलीय का, बॅग गच्च भरलीय का. बरेचदा इथेच प्रश्न सुटतो. नळी सरळ केली की भस्सकन लघवी येते.

आली नाही तर नाभीखाली हलक्या हाताने दाबून बघा. आजोबांचं पोट तिथे फुगलेलं, टणक आणि दाबल्यावर दुखणारं होतं. म्हणजे नळी आतून चोंदलेली, तेव्हा थेट नर्सला बोलवायचं किंवा दवाखाना, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. पोट मऊ असेल, माणूस शांत असेल आणि पाणीच कमी प्यायलं असेल तर पाणी देऊन तासाभराने परत बघा (हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासामुळे पाणी मोजून दिलं जात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). आणि बॅगेत लघवी नीट येतेय तरीही बाजूने गळतंय, तर ते मूत्राशयाच्या आकडीने होतं, बद्धकोष्ठतेनेही होतं. तेव्हा पोट साफ आहे का ते बघा, लगेच जाड नळी घालायला सांगू नका.

दोन गोष्टी घरी करायच्याच नाहीत. नळी ओढायची नाही, आत पाण्याने भरलेला फुगा असतो आणि तो तसाच बाहेर आला तर मूत्रमार्ग फाटतो. आणि कोणी नीट शिकवलं नसेल तर सिरिंजने पाणी मारून चोंदा फोडायचा नाही.

नर्सने आजोबांची नळी काढल्यावर मी हातमोजे घालून तिचं टोक बोटांत चुरडून बघितलं, बारीक वाळूसारखं करकरलं. काही जंतू लघवी अल्कधर्मी करतात, त्यामुळे खनिजांचे कण टोकाला आणि छिद्रांवर थर धरतात. अशा माणसाची नळी पुन्हा पुन्हा चोंदते, म्हणून प्रत्येक वेळी किती दिवसांनी बंद पडली ते लिहून ठेवा. समजा दोन-तीन वेळा साधारण तीन आठवड्यांनी बंद पडली, तर पुढची डॉक्टरांना विचारून अडीच आठवड्यांतच बदलून घ्या. सिलिकॉनची नळी बारा आठवड्यांपर्यंत चालते हे पाकिटावरचं गणित अशा माणसाला लागू होत नाही.

लघवी गढूळ दिसली किंवा वास आला म्हणून लगेच अँटिबायोटिक मागू नका, बरेच दिवस नळी असली की लघवीत जंतू सापडतातच. पण ताप, थंडी वाजणं, अचानक बरळणं किंवा सुस्ती, लघवीत गुठळ्यांसकट रक्त यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि ज्याच्या मणक्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालीय त्याला नळी तुंबल्यावर अचानक डोकं ठणकून घाम फुटला, चेहरा लाल झाला तर बीपी धोकादायक वाढतंय समजा. त्याला उठवून बसवा, नळी दुमडलीय का बघा, आणि तरी लघवी सुटली नाही तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.