काळे केस सोनेरी करताना या चुका टाळा: पिवळा रंग नंतर, आधी उजेड

झाडीपट्टीतला नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू झाला की आमच्याकडे पोस्टर-बॅनरचं काम एकदम वाढतं. हल्ली बऱ्याच पोस्टरवर एखादी तरी सोनेरी केसांची नायिका असते. परदेशातून आलेली सून असेल, शहरातली मॅडम असेल. कलाकार आपल्याच भागातली आणि केस काळेभोर, मग फोटोशॉपमध्ये ते सोनेरी करायचे असतात. वडसा ते ब्रह्मपुरी रस्त्याने अशी पोस्टरं लागलेली दिसतात आणि दहांतल्या आठांवर केस खोटे वाटतात. चूक तीच, दरवर्षी तीच. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे केसांवर पिवळा रंग टाकून मोकळं होणं. सोनेरी केस हा आधी उजेडाचा मामला आहे, रंगाचा नंतर. काळ्या केसावर पडलेला उजेड आत शिरला की तिथेच शोषला जातो. बाहेर येते ती फक्त केसाच्या पृष्ठभागावरून परतलेली चमक, म्हणजे एक अरुंद, पांढरट पट्टा. मोकळ्या आभाळाखाली फोटो काढला असेल तर तो पट्टा निळसर असतो. सोनेरी केसात मात्र उजेड आत जातो, फिरतो आणि केसाचा रंग घेऊन बाहेर पडतो. त्यामुळे पांढऱ्या चमकेच्या बाजूला, थोडी सरकून, सोनेरी रंगाची दुसरी रुंद चमक दिसते आणि दोन बटांमधली सावलीसुद्धा काळी न राहता तपकिरी होते. काळ्या केसांच्या फोटोत ही दुसरी चमक नसतेच. जे नाही त्याला रंग कसा लावणार? ते आपल्याला घडवावं लागतं.

मागच्या हंगामात आमच्या दुकानात काम शिकायला आलेल्या मुलाने एका नाटक कंपनीचं पोस्टर केलं. फोटो सकाळी घराच्या सावलीत काढलेला, उजेड डावीकडून, केस मोकळे. फोटो चांगला होता. पोराने केस निवडले, Hue/Saturation उघडलं, Lightness +40 केलं, वरून पिवळा थर टाकला. दहा मिनिटांत तयार. कंपनीचे मालक आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, बाईनं टोप घातल्यासारखा वाटते." त्यांना फोटोशॉपमधलं काही कळत नाही, पण नजर बरोबर होती.

मी फाइल उघडून आकडे बघितले. Info पॅनल उघडं ठेवून केसांवर माउस फिरवला की कळतं. मूळ फोटोत बटांमधली खोल जागा 10 च्या आसपास, केसांचं अंग 40, चमक 140. हे आकडे 0 म्हणजे काळा ते 255 म्हणजे पांढरा, असे धरायचे. Lightness +40 म्हणजे प्रत्येक ठिपक्यात चाळीस टक्के पांढरा मिसळणं. त्यामुळे 10 चे झाले 108, 40 चे 126 आणि 140 चे 186. खोल सावली आणि केसांचं अंग यांत आता फक्त 18 चा फरक उरला. सगळे केस एका राखाडी पातळीवर आले आणि त्यावर पिवळा बसला. टोप वाटणारच.

याच्या उलटी चूक करणारेही आहेत. ते Color मोडमध्ये पिवळा भरतात. Color मोड खालचा उजेड-अंधार तसाच ठेवतो, म्हणून काळा काळाच राहतो आणि जिथे थोडी उजळ जागा आहे तिथे हिरवट, शेवाळी छटा येते. गडद पिवळा डोळ्याला हिरवटच दिसतो, त्यात Opacity कमी ठेवून मूळ केसांचा निळसरपणा मिसळला की आणखी बिघडतं.

मी त्या पोराला बाजूला बसवून तेच पोस्टर पुन्हा केलं. केस निवडून त्यांचा एक Group केला आणि मास्क Group ला लावला, म्हणजे आत कितीही थर घातले तरी कडा एकच राहते. मग एक Curves थर घेतला, त्यात रेषेला हात लावला नाही, फक्त मोड Screen केला. Screen मध्ये काळं जवळजवळ काळंच राहतं आणि मधलं झपाट्याने वर येतं. पहिल्या थराने 10 चे 20, 40 चे 74, 140 चे 203 झाले. तसाच दुसरा थर टाकला: 38, 127, 244. सावली अजून सावली आहे, अंग मध्यावर आलं आणि चमक वर गेली. फक्त 244 जास्त होतं, चमक फाटल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या थरावर दोनदा क्लिक करून Blend If मध्ये Underlying Layer चा पांढरा बाण Alt दाबून फोडला, अर्धा 150 वर आणि अर्धा 230 वर ठेवला. आता खाली जे आधीच उजळ आहे त्यावर या थराचा जोर कमी झाला आणि चमक 220 च्या जवळ थांबली.

इथे मी नेहमी थांबतो आणि सगळ्यात वर एक Black & White थर टाकून बघतो. रंग नसतानाही केस हलक्या रंगाचे वाटले पाहिजेत. राखाडी चित्रात ते काळे किंवा धुरकट वाटत असतील तर पुढे जाऊ नका. कुठल्याही पिवळ्याने ते सुधारणार नाही. नवीन मुलांना ही पायरी आवडत नाही, कारण स्क्रीनवर "काही झालेलं" दिसत नाही. पण कामाचा मोठा भाग इथेच झालेला असतो.

रंगाला मी Gradient Map वापरतो, मोड Color, Opacity 75 टक्क्यांच्या आसपास. आमच्याकडे रंग बघायला लांब जावं लागत नाही, धानाच्या मळणीनंतर पडलेलं तणीस संध्याकाळी तिरप्या उन्हात बघा. वरच्या काड्या फिक्या, जवळजवळ पांढऱ्या, मधल्या सोनेरी आणि आतल्या फटींत लालसर तपकिरी. एकच पिवळा कुठेच नाही. केसांतही तसंच. सावलीचा रंग तांबूसकडे झुकलेला, मधला सोनेरी आणि सगळ्यात उजळ भाग फिका. माझ्या चार खुणा अशा असतात:

```
0%    #3B2616
40%   #9A6B35
75%   #D9B26A
100%  #F4E3BC
```

बहुतेक जण शेवटचा रंग भडक पिवळा ठेवतात. तिथेच सगळं बिघडतं. चमकेत रंग कमी असतो, उजेड जास्त.

यानंतरही केस थोडे सपाटच दिसतात, कारण ती दुसरी चमक अजून आलेली नाही. ती हाताने काढायची. Ctrl+Shift+N दाबून नवा थर घ्या, मोड Soft Light ठेवा आणि 50% gray भरण्याच्या चौकटीत खूण करा. पांढऱ्या ब्रशने उजळवायचं, काळ्याने गडद करायचं, Flow 4 टक्क्यांच्या वर नेऊ नका. आधी उजेड कुठून येतो ते नाकाच्या सावलीवरून आणि डोळ्यांतल्या ठिपक्यावरून ठरवा. आमच्या फोटोत तो डावीकडून होता. मग मोठ्या ब्रशने डोक्याचा गोलपणा काढा: डाव्या बाजूला मूळ चमकेच्या लगत एक रुंद, मऊ पट्टा, उजवीकडे आणि मानेमागे सावली. त्यानंतर मधल्या ब्रशने सात-आठ जाड बटा, प्रत्येकीची उजेडाकडची बाजू उजळ आणि दुसरी गडद. शेवटी दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने मोजके केस, केसाच्या वळणानेच. घाई करणारे थेट एकेक केस काढायला बसतात. तास जातो आणि डोकं सपाट ते सपाटच राहतं, वर फक्त रेघोट्या दिसतात. काळ्या केसांत भांगापासून टोकापर्यंत सगळं एकसारखं गडद असतं, त्यामुळे गोलपणा आधी आणल्याशिवाय बारीक केसांना अर्थ नाही.

सावली परत आणताना काळा ब्रश जपून वापरा. मानेमागे, कानामागे आणि भांगाजवळ तो चालतो, बाकी ठिकाणी तपकिरी सावली पुरते. भांगाजवळची बोटभर मुळं मी गडदच ठेवतो. खरे रंगवलेले केसही तिथे गडद असतात आणि आपल्याकडच्या गव्हाळ चेहऱ्याला ते शोभतं.

भुवया काळ्या ठेवू नका आणि सोनेरीही करू नका, एक पायरी उजळवून तपकिरीकडे न्या.

आभाळावर उडालेले काळे केस मास्कमधून सुटले की डोक्याभोवती काळी कड दिसते. Select and Mask मधला Refine Edge Brush वापरा, आणि तरी राहिलेले केस पुसून त्या जागी नवे हलके केस काढा.

फोटोबद्दल आता थोडं कडक बोलतो. लोक व्हॉट्सॲपवर आलेला फोटो देतात आणि त्यातून फिकट सोनेरी केस मागतात. साध्या जेपेगमध्ये 10 ते 40 या पट्ट्यात उजेडाच्या फक्त तीसेक पायऱ्या असतात. त्या ताणून 38 ते 127 पर्यंत नेल्या की मध्ये तिप्पट फटी पडतात, त्यात दाबलेल्या फोटोचे चौकोन आणि रंगीत दाणे वर येतात. अशा फोटोत मी सोनेरीचा हट्ट सोडतो. एकच Screen थर, तांबूस तपकिरी रंग आणि काही उजळ बटा, एवढ्यावर थांबतो. गिऱ्हाइकाला तसं सांगतोही. फोटो आपण स्वतः काढणार असाल तर रॉमध्ये काढा. मग Camera Raw मध्ये एकाच फोटोच्या दोन प्रती करा, एक चेहऱ्यासाठी नेहमीची आणि दुसरी केसांसाठी Exposure +2 ची, आणि दुसरीतून फक्त केस घ्या. तसं केलं तर एक Screen थरही पुरतो आणि केसांचे धागे शाबूत राहतात. समोरून थेट फ्लॅश मारलेला फोटो मात्र रॉमध्ये असला तरी घेऊ नका. त्यात सावलीच नसते, आणि पूर्ण डोकं हाताने घडवायला दिवस जातो.

मोबाइलमधल्या एका बोटाच्या केस-रंग ॲपबद्दल विचारतात. स्टेटसपुरतं ठीक आहे, दहा फुटी बॅनरवर ते उघडं पडतं.

बॅनर छापायला देण्याआधी आणखी एक गोष्ट. फ्लेक्सवर सावल्या स्क्रीनपेक्षा गडद उतरतात आणि तपकिरी सावली थोडी काळ्याकडे जाते. म्हणून मी छपाईच्या फाइलमध्ये केसांची सगळ्यात खोल सावली 38 वरून 50 पर्यंत उचलतो, आणि मशीनवर आधी फक्त केसांची वीतभर पट्टी काढून ती दुकानाबाहेर उन्हात धरून बघतो. हिरवट वाटली तर Gradient Map च्या पहिल्या दोन खुणा अजून तांबूस करतो. पट्टी ठीक दिसली की पूर्ण बॅनर सोडतो.