मांडवी, वडाचं पान की ‘म’? समितीचं एकमत होत नव्हतं तेव्हा

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळच्या एका मराठी मंडळाच्या लोगोचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला या धंद्यात जेमतेम दोन वर्षं झाली होती. मंडळाचं वाचनालय आहे, मुलांचे मराठीचे वर्ग आहेत, गणपतीत कार्यक्रम असतात. सात जणांच्या समितीसमोर मी तीन दिशा ठेवल्या: शहरातल्या जुन्या मांडवी दरवाजाच्या कमानींची आकृती, उघड्या पुस्तकातून वर येणारं वडाचं पान (गावाचं नावच वडावरून आलेलं), आणि जाड शिरोरेघेचा नुसता ‘म’.

हात वर करून मतं घेतली. मांडवीला तीन, पानाला दोन, ‘म’ला दोन. पुढच्या बैठकीतही तेच. अध्यक्ष काकांचं बालपण मांडवीजवळ गेलेलं, त्यामुळे ते हटेनात. खजिनदार काकू म्हणाल्या, “अरे, पावतीबुकावर तो दरवाजा आहे की चौकोनी डाग, तेच कळत नाही.” दोघांचंही बरोबर होतं. फक्त दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. मतदानात नेमकं हेच झाकलं जातं: कोणाला काय आवडलं ते कळतं, कशासाठी आवडलं ते कळत नाही.

मग मी वजनांचा तक्ता करायचं ठरवलं. निकष लिहायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं, सगळ्यांची बेरीज 100 करायची. प्रत्येक लोगोला प्रत्येक निकषावर 1 ते 5 गुण द्यायचे आणि गुण गुणिले वजन यांची बेरीज करायची, म्हणजे जास्तीत जास्त 500.

पहिल्या प्रयत्नात माझं चुकलं. लोगो टेबलावर मांडलेले असतानाच मी वजनं विचारली. मांडवीवाल्यांनी ‘गावाची ओळख’ 60 वर नेली, ‘म’वाल्यांनी ‘वेगळेपण’. आवडता लोगो जिंकेल अशी वजनं प्रत्येकाने मनातल्या मनात उलटी काढली होती. तो कागद मी बाजूला ठेवला. पुढच्या बैठकीत लोगो पिशवीतच राहू दिले आणि आधी एकच विचारलं, हे चिन्ह कुठे कुठे लागणार? उत्तरं आली: रबरी शिक्का, पावतीबुक, व्हॉट्सअॅप ग्रुपचा गोल फोटो, वार्षिक अंक, दारावरची पाटी. त्या यादीवरून प्रत्येकाने न बोलता चिठ्ठीवर 100 गुण वाटले. सरासरी पाचाच्या पटीत आणल्यावर संस्थेची ओळख 35, लहान आकारात कळणं 30, गुजराती शेजाऱ्यांनाही कळणं 20 आणि वेगळेपण 15 असं ठरलं. नव्याने काम करणाऱ्यांना माझा आग्रह आहे की ही चिठ्ठी पहिलं रेखाटन दाखवण्याच्या आधीच घ्या. आमच्याकडे ती उशिरा झाली. लोगो सगळ्यांना पाठ झाले होते, म्हणून यादीचा आधार घ्यावा लागला.

एका गोष्टीला मी वजन दिलंच नाही: एका रंगात छापता येणं. वजनी बेरजेत एका निकषावरची पडझड दुसऱ्या निकषावर भरून निघते. शिक्क्यावर उमटतच नाही असा लोगोही बाकीच्या गुणांवर पहिला येऊ शकतो. जे नसेल तर चालणारच नाही, ती अट असते, निकष नसतो. म्हणून तिन्ही लोगो आधी निव्वळ काळ्या रंगात आणले. मांडवीची सोनेरी छटा तिथेच गेली.

गुणही अंदाजाने दिले नाहीत. लहान आकारासाठी तिन्ही 12 मिलिमीटरमध्ये छापले, त्याची झेरॉक्स काढली, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढली आणि हातभर अंतरावर धरून पाहिलं. लगेच कळलं तर 5, सांगितल्यावर कळलं तर 3, सांगूनही कळलं नाही तर 1, आणि अधेमधे वाटलं तर 4 किंवा 2. मांडवीच्या कमानी एकमेकींत मिसळल्या होत्या. सात चिठ्ठ्यांमधला मधला आकडा मी प्रत्येक घरात भरला. सरासरी घेतली असती तर एकाच्या हट्टाने आकडा हलला असता. चारही निकष वरच्याच क्रमाने घेतले, तर मांडवीला 4, 2, 5, 2 मिळाले, पानाला 3, 5, 4, 3 आणि ‘म’ला 4, 4, 2, 5. शीटमध्ये B स्तंभात वजनं आणि C पासून पुढे एकेक लोगो असेल, तर सूत्र एवढंच:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$5,C2:C5)
```

मांडवी 330, पान 380, ‘म’ 375.

इथे “पान जिंकलं” म्हणून उठायचा मोह होतो. 500 पैकी 5 गुणांचा फरक म्हणजे बरोबरीच. मी सगळ्यांसमोर वजनं हलवून दाखवली. लहान आकाराचं वजन निम्मं करून उरलेले 15 ओळखीला दिले तरी मांडवी 360 वर थांबली आणि ‘म’ 375 वर राहिला. काकांनी ते आकडे स्वतः पेनाने मांडून पाहिले आणि मग म्हणाले, “ठीक आहे, दोघांतलंच बघू.” माझ्या लेखी तक्त्याचं पहिलं खरं काम ते होतं. उलट गुजराती शेजाऱ्यांच्या निकषातले फक्त 5 गुण वेगळेपणाला दिले की पान 375 आणि ‘म’ 390, म्हणजे निकाल उलटतो. सगळं भांडण एका ओळीत येऊन बसलं होतं.

त्या ओळीतल्या ‘म’च्या चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. 1, 1, 1, 2, 2, 3, 5. दुसऱ्या कुठल्याच घरात आकडे इतके पसरले नव्हते. अशा वेळी मधला आकडा भरून पुढे जाऊ नये, कारण पसरलेले आकडे बहुतेकदा हेच सांगतात की प्रश्न प्रत्येकाला वेगळा कळला आहे. पाच देणाऱ्या दादांना विचारलं. त्यांचं रावपुऱ्यात दुकान आहे. ते म्हणाले, “गुजराती ‘म’ आणि आपला ‘म’ एकच की! फक्त वरची रेघ नाही.” खरंच होतं. दोन्ही लिप्यांत ‘म’चा सांगाडा जवळपास सारखा आहे. बाकीच्यांनी “मराठी अक्षर आहे, त्यांना काय कळणार” असं गृहीत धरून गुण दिले होते.

मग काहीही न सांगता आम्ही तो ‘म’ आसपासच्या दहा गुजराती दुकानदारांना दाखवला. आठ जणांनी पटकन ‘म’ म्हटलं, एकाने ‘भ’ म्हटलं, एकाला कळला नाही. समितीने ते घर पुन्हा भरलं आणि मधला आकडा 4 आला. ‘म’ 415, पान 380. आता लहान आकाराला 30 ऐवजी 40 दिले आणि ते 10 ओळखीतून काढले तरीही ‘म’च पुढे राहत होता.

दहा माणसांची चाचणी फार छोटी, हे मला मान्य आहे. पण त्या ‘भ’ने माझं काम बदललं. देवनागरीत ‘भ’ची शिरोरेघ डावीकडे तुटते, ‘म’ची अखंड असते. माझ्या रेखाटनात मी सजावट म्हणून डावीकडे रेघेला बारीक खाच ठेवली होती. ती भरून टाकली. शिक्केवाल्याकडे पहिला नमुना काढला तेव्हा ‘म’ची डावीकडची गाठ शाईने भरली, म्हणून तिच्या आतली मोकळी जागा थोडी वाढवून दुसरा शिक्का करून घेतला. मांडवीची आकृती त्या वर्षीच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर पूर्ण पानभर छापली. तिथे तिच्या कमानींना हवी तेवढी जागा होती.