पहिल्या आरएमओशिपचा सीव्ही: काय हाताने केलंय ते लिहा

इंटर्नशिप संपली की एमबीबीएसवाल्यांपैकी अनेकांची पहिली नोकरी आरएमओची असते. शंभर-दीडशे खाटांचं खासगी हॉस्पिटल, वॉर्ड किंवा आयसीयू, बारा तासांच्या ड्यूट्या. मीही तिथूनच सुरुवात केली. आता आमच्याकडे आलेले अर्ज आधी मी चाळतो, म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

अर्ज वाचणाऱ्या माणसाला एकच गोष्ट ठरवायची असते: या मुलाच्या किंवा मुलीच्या भरवशावर रात्री वॉर्ड सोडून कन्सल्टंट घरी जाऊ शकतात का? दहावीची टक्केवारी, ‘डायनॅमिक आणि हार्डवर्किंग’ असलेलं ऑब्जेक्टिव्ह, कॉलेज फेस्टचं कोऑर्डिनेटरपद, यातलं काहीही त्याचं उत्तर देत नाही. ते काढलं की सीव्ही आपोआप दोन पानांत बसतो.

नाव आणि फोन नंबरच्या लगेच खाली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन येऊ द्या. इंटर्नशिपपुरतं मिळालेलं प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन नोकरीला चालत नाही, कायमचं लागतं. त्यासाठी अर्ज केला असेल आणि नंबर यायचा असेल, तर अर्जाच्या तारखेसह तसंच लिहा. ही ओळच नसली तर एचआर अर्ज बाजूला ठेवतं आणि पुढचं कोणी वाचत नाही.

आता खरा मजकूर, म्हणजे इंटर्नशिप. दहातल्या आठ सीव्हींत एवढंच असतं: ‘मेडिसिन, सर्जरी, ओबीजी, पीडिअ‍ॅट्रिक्समध्ये रोटेशन पूर्ण. सर्व प्रोसिजर्सचा चांगला अनुभव.’ रोटेशन तर सगळ्यांचंच होतं, त्यामुळे यातून काहीच कळत नाही. समजा, सरकारी कॉलेजातून आलेली एक मुलगी आयसीयू आरएमओसाठी अर्ज करते आहे. तिने तीन पातळ्या वेगळ्या कराव्यात. स्वतंत्रपणे केलेलं: एबीजी सॅम्पल, रायल्स ट्यूब, फॉलीज कॅथेटर, साध्या जखमांचे टाके. सीनियर शेजारी उभे असताना केलेलं: इंटुबेशन 4, असायटिक टॅप 3. फक्त असिस्ट केलेलं किंवा पाहिलेलं: सेंट्रल लाइन. रोजच्या कामांचे आकडे देऊ नका, कोणी मोजत नाही. मोजक्या वेळा केलेल्या गोष्टींचा आकडा मात्र द्या आणि तो लॉगबुकशी जुळू द्या. (सीव्ही इंग्रजीतच जाणार, पण विभागणी हीच.)

‘फक्त चार’ लिहायला संकोच वाटतो. मला मात्र चार हा आकडा विश्वासाचा वाटतो, कारण नव्या इंटर्नने ‘इंटुबेशनमध्ये निष्णात’ लिहिलं की इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच येतो. प्रौढ बाईला कितव्या नंबरची ट्यूब घ्याल? किती सेंटिमीटरवर फिक्स कराल? ट्यूब बरोबर जागी आहे हे कसं ओळखाल? ज्याने चारदाच पण खरोखर केलंय तो सात किंवा साडेसात, साधारण 21 आणि कॅप्नोग्राफी असं सांगतो, ती नसली तर छाती दोन्ही बाजूंनी आणि पोटावर ऐकतो. नुसतं लिहिलेला माणूस दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो आणि मग त्याच्या बाकीच्या ओळींवरही शंका येते.

बीएलएस-एसीएलएस केलं असेल तर तारीख टाका. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षंच चालतं, त्यामुळे तारखेविना ते असून नसल्यासारखं.

तारखा महिन्यासकट लिहा. ‘2023–2024’ असं लिहिलं की मधली रिकामी जागा लपते असं वाटतं, पण वाचणाऱ्याची नजर नेमकी तिथेच थांबते. नीट-पीजीसाठी सहा महिने घरी बसलात तर ‘नीट-पीजीची तयारी’ एवढं पुरे. त्यात कमीपणा काही नाही, समोरचे डॉक्टरही त्यातूनच गेलेले असतात. सरकारी बॉंड बाकी असेल किंवा पुढच्या प्रवेशामुळे ठरावीक महिन्यापर्यंतच थांबता येणार असेल, तर ‘अमुक महिन्यापर्यंत उपलब्ध’ अशी शेवटी एक ओळ द्या. काही ठिकाणी त्यामुळे नकार येईल. पण ड्यूटी-रोस्टर लावणाऱ्याला तीन महिन्यांत अचानक राजीनामा मिळण्यापेक्षा ठाऊक असलेले आठ महिने परवडतात, असा माझा तरी अनुभव आहे.

रेफरन्स म्हणून एचओडींचं नाव टाकायचा मोह होतो. सरांनी तुम्हाला राउंडच्या गर्दीत पाहिलेलं असतं. फोन गेला तर ‘कोण हो?’ असं विचारतील. त्याऐवजी ज्यांच्या युनिटमध्ये रात्रपाळ्या केल्यात ते लेक्चरर किंवा सीनियर रेसिडेंट द्या. नाव टाकण्याआधी त्यांना विचारा, नंबर देऊ का तेही विचारा, आणि पाठवलेल्या सीव्हीची पीडीएफ त्यांनाही पाठवून ठेवा, म्हणजे ‘इंटुबेशन किती केली होती?’ असा फोन आला तर दोघांचं उत्तर एकच निघेल.