नवा रिपोर्ट बनवण्याआधी मॅनेजरला काय विचारावं?

“उशिरा पोचलेल्या ऑर्डरींचा एक रिपोर्ट हवाय. रोजचा.” मॅनेजरचा निरोप एवढाच असतो आणि आपण लगेच टेबलं जोडायला बसतो. दोन दिवसांनी रिपोर्ट दाखवला की पहिलंच वाक्य कानावर पडतं, “हा आकडा बरोबर वाटत नाही.” क्वेरीत चूक नसते. ‘उशिरा’ म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं राहून गेलेलं असतं. हाच एक रिपोर्ट धरून, कामाला हात घालण्यापूर्वी काय विचारायचं ते पाहू.

१. आकडा पाहून तुम्ही काय कराल?

“रिपोर्ट कशासाठी हवाय?” असं सरळ विचारलं तर “जरा लक्ष ठेवायला” हे उत्तर ठरलेलं. त्यातून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा असं विचारा: “सर, उद्या सकाळी यात चाळीस ऑर्डरी दिसल्या, तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?”

“त्या ग्राहकांना फोन करायला लावीन” असं म्हणाले तर त्यांना यादी हवी आहे. ऑर्डर नंबर, ग्राहक, किती दिवस उशीर, कोण सांभाळतंय. “वाहतूकदारांशी महिन्याच्या बैठकीत बोलेन” म्हणाले तर यादीचा उपयोग नाही. तिथे वाहतूकदारानुसार टक्केवारी हवी, तीही महिन्याची. “वरच्या मीटिंगला दाखवायचाय” हेही प्रामाणिक उत्तर आहे. मग एक आकडा आणि मागच्या काही महिन्यांची रेघ पुरते. निरोप एकच होता, पण हे तीन वेगळे रिपोर्ट आहेत.

काहीच करणार नसतील, तर मी आधीचे रिपोर्ट उघडून दाखवते. बरेचदा हवं ते तिथेच असतं, फक्त एखादा फिल्टर कमी असतो.

लगोलग दुसरा प्रश्न: “सध्या हे कसं बघता?” कुणीतरी एक्सेल शीट ठेवत असतंच. ती मागून घ्या. पिवळ्या केलेल्या ओळी आणि ‘शेरा’ नावाचा कॉलम नीट वाचा. कामाचे खरे नियम तिथे लिहिलेले असतात.

आपल्या मॅनेजरचं उत्तर होतं, ग्राहकांना फोन. तेच धरून पुढे जाऊ.

२. पाच ऑर्डरी कागदावर मांडा

फील्डची यादी विचारली की मॅनेजर “सगळंच टाका” म्हणतात. म्हणून मी व्याख्या विचारत बसत नाही, उदाहरणं समोर ठेवते. पाचही ऑर्डरींची कबूल तारीख १०, आज तारीख १४:

- पहिली: गोदामातून १० तारखेला निघाली, ग्राहकाकडे १२ ला पोचली.
- दुसरी: ग्राहकानेच तारीख १५ करून घेतली. १२ ला निघाली, १४ ला पोचली.
- तिसरी: तीन वस्तू होत्या. दोन ९ तारखेला पोचल्या, उरलेली १३ ला.
- चौथी: अजून निघालेलीच नाही.
- पाचवी: ९ तारखेला पूर्ण पोचली.

आता विचारा, “यातल्या उशिराच्या कोणत्या?” ग्राहकाला पूर्ण माल मिळण्याची तारीख धरली, मूळ कबुलीशी ताडून पाहिली आणि न निघालेलीही मोजली, तर चार. गोदामातून पहिला माल निघण्याची तारीख धरली, बदललेली तारीख मान्य केली आणि न निघालेली सोडून दिली, तर एकही नाही. डेटा तोच. मॅनेजर इथे थांबतात, विचार करतात आणि पहिल्यांदाच खरं सांगतात: “दुसरी नको, ग्राहकानेच पुढे ढकलली होती. चौथी तर हवीच, पहिला फोन तिलाच.”

तिसऱ्या ऑर्डरीवर जरा रेंगाळा. रिपोर्टची एक ओळ म्हणजे एक ऑर्डर की एक वस्तू? हे ठरवलं नाही, तर वस्तूंचं टेबल जोडताच ती ऑर्डर तीनदा मोजली जाते आणि एकूण आकडा फुगतो. अशा वेळी `COUNT(*)` आणि `COUNT(DISTINCT order_id)` वेगवेगळे येतात. दोन्ही चालवून बघणं ही सोपी खूण आहे. फोन एका ऑर्डरीला एकदाच करायचा, म्हणून इथे एक ओळ म्हणजे एक ऑर्डर.

मग नियम एवढाच उरतो:

```sql
WHERE agreed_date < CURRENT_DATE
  AND (full_delivery_date IS NULL
       OR full_delivery_date > agreed_date)
```

इथे `agreed_date` म्हणजे मूळ तारीख, किंवा ग्राहकाने बदलून घेतली असेल तर नवी. पण हे फील्ड आहे का, हे होकार देण्याआधीच तपासा. पुष्कळ सिस्टिम्स तारीख बदलली की जुनीवर नवी लिहितात. बदल कुणी केला, ग्राहकाने की आपल्याच माणसाने, याची नोंद राहत नाही. तसं असेल तर मागचा इतिहास कुठूनही आणता येणार नाही. आजपासून रोजची प्रत जपायला लागलो तरच पुढे तो मिळेल. हे पहिल्याच बैठकीत सांगावं.

३. तुमच्याशिवाय कोण उघडणार?

फोन करणारी मंडळी उघडणार असतील, तर प्रत्येकाला आपापलेच ग्राहक दिसावेत का, हे विचारा. ग्राहकांचे फोन नंबर असलेली फाइल मेलने फिरू लागली की परवानग्यांना काही अर्थ उरत नाही.

आणि थोडा अवघड प्रश्न: “यावरून कुणाचं मूल्यमापन होणार आहे का?” होणार असेल तर लोक कबूल तारखाच पुढे ढकलायला लागतात. उशीर कमी दिसतो, ग्राहक मात्र तितकाच थांबलेला असतो. माझ्या एका जुन्या नोकरीत हे घडलं होतं. आकडा सुधारत होता आणि तक्रारी वाढत होत्या. तेव्हापासून ‘तारीख किती वेळा बदलली’ हा कॉलम मी स्वतःहून सुचवते.

४. किती वाजता उघडणार?

“रिअल टाइम पाहिजे” या मागणीशी वाद घालू नका. फक्त पहिला फोन किती वाजता होतो ते विचारा. आमच्या उदाहरणात सकाळी नऊला. मग उलटं मोजा. ऑर्डरींचा डेटा पहाटेपर्यंत भरलेला असतो, पण माल पोचल्याची वाहतूकदाराची फाइल साडेसातला येते. रिपोर्ट सहाला ताजा केला तर काल संध्याकाळी पोचलेला माल ‘न पोचलेला’ दिसेल आणि माल हातात असलेल्या ग्राहकाला माफीचा फोन जाईल. म्हणून सव्वाआठ.

फाइल आलीच नाही तर काय दाखवायचं, हेही आत्ताच ठरवा. मी कालचीच यादी ठेवते आणि वर ठळक लिहिते, ‘डेटा अमुक वेळेपर्यंतचा’. ही वेळ मूळ डेटाची हवी, रिपोर्ट चालल्याची नव्हे. जुना डेटा नव्याने चालवला तरी रिपोर्टवरची वेळ ताजीच दिसते आणि बघणारा फसतो.

५. मेल पाठवा

पाच ऑर्डरींचा तोच तक्ता, प्रत्येकीपुढे ‘उशीर’ किंवा ‘नाही’, खाली कोण बघणार आणि किती वाजता. एवढंच लिहून मॅनेजरला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत क्वेरीला हात लावू नका. मला अशाच एका मेलवर एका ओळीचं उत्तर आलं: “ठीक आहे, फक्त सुट्टीचे दिवस उशिरात धरू नका.” मी सुट्ट्यांबद्दल विचारलंच नव्हतं. त्यासाठी सुट्ट्यांचं वेगळं टेबल लागणार होतं, म्हणजे आणखी एक दिवस, आणि तो मी त्याच मेलमध्ये मागून घेतला.