जुनी गाडी विकताना चेक किंवा डीडी घेताय? या चुका टाळा

जुन्या गाडीचा व्यवहार बहुतेकदा शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी होतो. दोघांनाही सुट्टी असते, गाडी उजेडात बघता येते, घरातली माणसंही हजर असतात. फक्त बँक बंद असते, आणि फसवायला आलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. चेक सोमवारी बँकेत जाईपर्यंत गाडी दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचलेली असते.

समजा, कराडमधल्या एका गृहस्थांनी गाडी ३,५०,००० रुपयांना विकायची ठरवली. गिऱ्हाईक शनिवारी, ८ नोव्हेंबर २०२५ रोजी आलं. तो महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. त्याने १०,००० रुपये इसार म्हणून लगेच यूपीआयने पाठवले आणि उरलेल्या ३,४०,००० चा चेक दिला. दहा हजार खरेच आल्यामुळे विश्वास बसला. किल्ल्या, आरसी आणि सही केलेले फॉर्म २९ व ३० देऊन टाकले. ही रचना ओळखून ठेवा, कारण थोड्या खऱ्या पैशांच्या आधारावर मोठा खोटा कागद खपवायची ही नेहमीची पद्धत आहे.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं समजणं

चेक म्हणजे पैसे देण्याचं लेखी आश्वासन. चेक वटला तरच पैसे आले. ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग बरंच वेगवान झालं आहे. कामकाजाच्या दिवशी भरलेल्या चेकची प्रतिमा दिवसभर पुढे जात राहते, आणि चेक ज्या बँकेवर काढला आहे तिने तो पास की परत हे त्याच संध्याकाळपर्यंत कळवायचं असतं. त्यामुळे सोमवारी सकाळी शाखेत भरलेल्या चेकचा निकाल साधारण त्याच रात्री किंवा मंगळवारी कळतो. तेवढे दोन दिवस गाडी आपल्या दारात उभी ठेवायला काय हरकत आहे? खऱ्या गिऱ्हाइकाची हरकत नसते. ज्याची असते, त्याला गाडी न विकलेली बरी.

पतसंस्थेत किंवा छोट्या सहकारी बँकेत खातं असेल तर चेक दुसऱ्या बँकेमार्फत क्लिअरिंगला जाऊ शकतो आणि एखाद-दोन दिवस जास्त लागतात. तेवढे थांबा.

रक्कम ॲपमध्ये दिसली म्हणून लगेच किल्ली देऊ नका. चेक भरल्याचा मेसेज म्हणजे चेक वटल्याचा मेसेज नव्हे. काही बँका चेकची रक्कम आधी एकूण शिलकीत दाखवतात, पण ती काढता येत नाही. चेक परत आला की तीच रक्कम वजा होते. काढता येणारी शिलक किती वाढली ते बघा, आणि शंका असेल तर शाखेत जाऊन विचारा: "हा चेक पास झाला का? रक्कम मोकळी झाली का?"

रक्कम मोकळी झाली तरी एक धोका उरतो, तो तिऱ्हाइताच्या चेकचा. गाडी एकाच्या नावावर होणार आणि चेक "माझ्या भागीदाराचा आहे" असं सांगितलं जातं. तो चेक चोरीचा किंवा बनावट निघाला तर खऱ्या खातेदाराच्या तक्रारीवरून तपासात तुमचं खातं गोठवलं जाऊ शकतं, आणि तुम्ही चोर नाही हे दाखवत फिरायची वेळ येते. गाडी घेणारा आणि चेकवर सही करणारा एकच असावा, असा आग्रह धरा.

डीडी "बाऊन्स होत नाही" या समजुतीवर विसंबणं

ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणूनच घातक आहे. डीडीचे पैसे बँक आधीच घेते, त्यामुळे खऱ्या डीडीला खात्यात शिलक नसल्याचं कारण लागत नाही. पण हातात आलेला कागद खरा आहे की नाही, हे तुम्ही कसं ठरवणार? रंगीत छापलेला बनावट डीडी असतो, चोरीला गेलेल्या कोऱ्या डीडीवर छापलेला असतो, आणि थोड्या रकमेचा खरा डीडी काढून आकडा वाढवलेलाही असतो.

कागद उजेडासमोर धरून बघावा. क्लिअरिंगच्या मानकांप्रमाणे छापलेल्या चेकवर CTS-INDIA हे शब्द जलचिन्हात दिसतात. डीडीच्या दर्शनी भागावर तो काढून घेणाऱ्याचं नाव छापलेलं असायला हवं. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १५ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नाव नसेल किंवा गिऱ्हाइकापेक्षा वेगळं असेल, तर तिथेच थांबा. मात्र कागद बघून डीडी खोटा आहे हे कधीकधी कळतं, खरा आहे याची खात्री कधीच होत नाही.

खात्री दोनच प्रकारे होते. एक, गिऱ्हाइकासोबत त्याच्या बँकेत जाऊन डीडी तुमच्यासमोर काढून घ्यायचा आणि काउंटरवरून थेट तुमच्या हातात घ्यायचा. दोन, डीडी देणाऱ्या शाखेला फोन करून क्रमांक, तारीख, रक्कम आणि तुमचं नाव जुळवून घ्यायचं. फोन नंबर बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. डीडीवर छापलेला किंवा गिऱ्हाइकाने दिलेला नंबर त्याच्याच साथीदाराचा असू शकतो. शाखेने फोनवर सांगायला नकार दिला, तर डीडी भरा आणि रक्कम मोकळी होईपर्यंत थांबा.

मी तर म्हणेन, गाडीसाठी डीडी घेऊच नका. एनईएफटी आणि आरटीजीएस दोन्ही आता चोवीस तास, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतात. ज्याच्या खात्यात खरोखर साडेतीन लाख आहेत, त्याला शनिवारी रात्री बंद बँकेचा डीडी पुढे करायचं सहसा कारण उरत नाही. रोखीचा आग्रह मात्र तुम्हीही धरू नका, कारण एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे.

एखादं गिऱ्हाईक ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक किंवा डीडी देतं आणि "वरचे चाळीस हजार माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवा" म्हणतं. त्यावर चर्चाही करू नका, तो कागद परत द्या.

आरसी आणि सह्या आधीच देणं

गाडीपेक्षा कागद देण्याने नुकसान लांबतं. आरटीओच्या नोंदीत नाव बदलत नाही तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. त्या गाडीने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून फॉर्म २९ व ३० वरच्या सह्या, मूळ आरसी आणि ऑनलाइन हस्तांतरासाठी तुमच्या मोबाइलवर येणारा ओटीपी, हे सगळं रक्कम मोकळी झाल्यावरच द्या. कोऱ्या फॉर्मवर तर कधीच सही करू नका.

विक्रीची पावती मात्र पहिल्याच दिवशी करा. गाडीचा क्रमांक, ठरलेली किंमत, इसार, चेकचा क्रमांक आणि बँक लिहा, आणि "चेक वटल्यावरच ताबा व कागद दिले जातील" हे वाक्य घालून दोघांच्या सह्या घ्या. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर हा चेक गाडीच्या किमतीचा होता, हात-उसन्याचा किंवा तारणाचा नव्हता, हे याच कागदावरून दिसतं.

चेक परत आल्यावर तारखा न सांभाळणं

आता कराडच्या उदाहरणाकडे. चेक सोमवारी, १० नोव्हेंबरला भरला आणि खात्यात पुरेशी शिलक नाही या कारणाने परत आला. बँकेकडून रिटर्न मेमो बुधवारी, १२ नोव्हेंबरला हातात पडला. फोन केला तर गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, पुढच्या आठवड्यात परत टाका." इथे बरेच जण भिडेखातर वाट बघत बसतात.

चेक तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा भरता येतो, पण नोटिशीच्या मुदतीवर नजर हवी. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस पाठवावी लागते, म्हणजे इथे १२ डिसेंबरपर्यंत. ती स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. नोटिशीत चेकची रक्कम तंतोतंत लिहा. ३,४०,००० च्या जागी गाडीची पूर्ण किंमत म्हणून ३,५०,००० मागितले, तर तेवढ्यावरून तक्रार कोसळू शकते. व्याज किंवा खर्च मागायचाच असेल तर वेगळा दाखवा.

नोटीस २४ नोव्हेंबरला त्याला मिळाली असं धरू. पैसे द्यायला त्याला १५ दिवस, म्हणजे ९ डिसेंबरपर्यंत वेळ आहे. तोवर दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची, म्हणजे ९ जानेवारी २०२६ ही तारीख चुकवायची नाही. उशीर झाला तर तो माफ करायचा की नाही हे न्यायालयाच्या हातात जातं. तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल, तर तक्रार तुमच्या शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात चालते. गिऱ्हाईक पुण्याचं असलं तरी कराडकराला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकबूल केल्यावर चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकतं. वकिलांना ती मागायला सांगा. "पेमेंट थांबवलं", "खातं बंद", "सही जुळत नाही" या शेऱ्यांनी परत आलेला चेकही या कलमात बसू शकतो. मेमो बघून स्वतःच निराश होऊ नका.

बनावट डीडीला हे कलम लागू होत नाही, कारण डीडी गिऱ्हाइकाने स्वतःच्या खात्यावर काढलेला नसतो. तिथे नोटिशीची वाट न बघता त्याच दिवशी पोलिस ठाण्यात फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची तक्रार द्या. गाडीचा क्रमांक, चॅसी क्रमांक, गिऱ्हाइकाच्या फोनवरचे संदेश आणि इसार आला ते यूपीआय खातं, हे सगळं सोबत न्या. आरटीओलाही लेखी कळवून हस्तांतर थांबवायची विनंती करा, नाहीतर गाडी तिसऱ्याच माणसाला विकली जाते आणि त्याने ती प्रामाणिकपणे घेतलेली असेल तर परत मिळवणं फार अवघड होतं.

थोडे पैसे घेऊन जुनाच चेक वापरणं

चेक भरण्याआधी गिऱ्हाईक एक लाख यूपीआयने देतं आणि म्हणतं, "चेक आता टाकू नका, उरलेले देतो." पैसे घ्या, पण तो चेक आता खऱ्या येण्याचा राहिला नाही. येणं २,४०,००० आणि चेक ३,४०,००० चा. तो तसाच भरला आणि परत आला, तर कलम १३८ ची तक्रार टिकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. जुना चेक परत देऊन उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्या. ते जमत नसेल, तर मिळालेल्या रकमेची नोंद चेकवरच करून ठेवा आणि भरण्याआधी वकिलांना दाखवा.