पश्चिमेची भिंत किती जाड हवी? उष्णता आत पोचण्याच्या वेळेवरून ठरवू या

नागपुरात मे महिन्यात रात्री साडेदहाला पश्चिमेच्या भिंतीला हात लावा. बाहेर हवा उतरलेली असते, पण आतून भिंत कोमट लागते. दुपारचं ऊन तेव्हा कुठे आत पोचलेलं असतं. या उशिराला थर्मल लॅग म्हणतात. बाहेरच्या पृष्ठभागाचा चढउतार आतल्या पृष्ठभागावर किती पटीने उरतो, तो आकडा म्हणजे डिक्रिमेंट फॅक्टर. दोन्ही आकडे घरी काढता येतात.

आधी भिंतीचं बाहेरचं तापमान मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन एकाच जागी, दर दोन तासांनी, पूर्ण २४ तास. उदाहरणासाठी धरू की दुपारी साडेचारला कमाल ५२ अंश, पहाटे किमान २८ आणि सगळ्या नोंदींची सरासरी ३७ आली. कमाल-किमान फरकाचा अर्धा भाग, म्हणजे १२ अंश, हा लाटेचा उंचवटा.

आता ही लाट भिंतीत किती खोल टिकते ते पाहायचं. त्यासाठी एकच लांबी लागते; तिला इथे आपण मुरण्याची खोली म्हणू.

```
d = sqrt(alpha * P / pi)
f = exp(-L / d)
lag = 3.82 * L / d
```

`P` म्हणजे दिवसाचे ८६,४०० सेकंद, `L` म्हणजे भिंतीची जाडी, `f` म्हणजे डिक्रिमेंट फॅक्टर आणि `lag` तासांत मिळतो. `alpha` हा पदार्थातून तापमानाचा बदल किती वेगाने पसरतो त्याचा आकडा. भाजलेल्या भरीव विटेसाठी तो साधारण 5e-7 चौरस मीटर प्रति सेकंद धरतात, म्हणून `d` सुमारे ११.७ सेंमी येते. दर ११.७ सेंमीला लाट ३७ टक्के उरते आणि पावणेचार तास मागे पडते.

हे सूत्र मात्र अमर्याद जाड भिंतीचं आहे. खरी भिंत आत खोलीच्या हवेला भिडून संपते. तो हिशोब धरला की विटेच्या भिंतीत लॅग सव्वा ते दीड तासाने कमी होतो आणि `f` साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. ही दुरुस्ती विसरू नका, कारण रात्रीचं वेळापत्रक त्यावरच बसतं.

नऊ इंची, म्हणजे २३ सेंमी भिंतीत दुरुस्तीनंतर लॅग ६ तास येतो आणि लाट एक षष्ठांश उरते. १२ चे २ अंश राहिले, पण आतला सर्वांत गरम क्षण बरोबर रात्री साडेदहाला, झोपायच्या वेळी येतो. दीड विटेच्या ३५ सेंमी भिंतीत लॅग १० तास, उरलेला चढउतार जेमतेम पाऊण अंश, आणि तोही पहाटे अडीचला. ४५ सेंमी केली तर लॅग १३ तासांवर जातो, चढउतार पाव-अर्ध्या अंशाच्या मध्ये राहतो. नऊ इंचांवरून दीड विटेवर जाण्यात सव्वा अंश सुटतो, पुढच्या १० सेंमीत अर्धासुद्धा नाही. म्हणून झोपायच्या खोलीला मी दीड विटेवर थांबेन आणि उरलेल्या विटांचे पैसे सावलीवर घालेन.

सावलीवर का? जाड भिंत चढउतार दाबते, पण ३७ ही सरासरी तिच्याने खाली येत नाही. खोली ३० अंशांवर ठेवायची तर सात अंशांचा फरक दिवसरात्र आत ढकलत राहतो: ३५ सेंमी विटेतून चौरस मीटरला सुमारे १२ वॅट, १२ चौरस मीटरच्या भिंतीतून १५० वॅट. कूलर किंवा एसीच्या हिशोबात हा भार कायमचा धरावा लागतो. तो कमी करायचा तर बाहेरून चुना, छज्जा, वेलीचा मांडव किंवा बाहेरच्या बाजूने इन्सुलेशन हवं. इन्सुलेशन आतून लावलं, तर भिंतीच्या वजनाचा खोलीच्या हवेशी संबंध तुटतो. खिडक्या उघडून रात्रीची गार हवा घेतली तरी ती भिंतीत साठत नाही.

हा गारवा साठवायला दिवस-रात्रीत मोठा फरक लागतो. पुण्यात उन्हाळ्यात तो सहज मिळतो. मुंबईत मे महिन्यात रात्रही उबदार असते, म्हणून तिथे जाड भिंतीपेक्षा वारा आणि सावली जास्त उपयोगी.

शेवटी आतून पडताळा घ्या. भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाचं आणि खोलीच्या हवेचं तापमान दर तासाला लिहा. आतला कमाल क्षण दुपारीच आला, तर दोष भिंतीचा नाही; उष्णता खिडकीतून किंवा स्लॅबमधून येते आहे. तो हिशोबापेक्षा बराच आधी आला आणि भिंतीला ओल असेल, तर आधी गळती शोधा, कारण ओली वीट उष्णता जास्त वाहते. काँक्रीटचा कॉलम भिंतीतून जात असेल, तर थर्मामीटर त्याच्यापासून हातभर लांब धरा.