मॉनिटरवर ‘No Signal’: दोष वायरचा, पोर्टचा की ग्राफिक्स कार्डाचा?
निपाणीतल्या एका झेरॉक्सवाल्याकडे सीपीयूचा पंखा फिरत होता, मॉनिटरवर मात्र ‘No Signal’. इनपुट एचडीएमआयवरच होतं. मग टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स त्याच वायरने मॉनिटरला जोडला. चित्र आलं, म्हणजे वायर आणि मॉनिटरचं पोर्ट दोन्ही ठीक. (न येतं तर आधी वायर बदलायची, मग मॉनिटरचं दुसरं पोर्ट.)

आता सीपीयूची पाठ बघा. वायर वर, यूएसबीशेजारच्या मदरबोर्डच्या पोर्टला होती. कार्ड बसवलं की ते पोर्ट बऱ्याचदा आपोआप बंद पडतं. खाली कार्डाच्या पोर्टला लावताच स्क्रीन उजळली.

तिथेही अंधारच असता, तर वीज काढून कार्ड बाहेर घ्यायचं आणि मदरबोर्डच्या पोर्टवर बघायचं. चित्र आलं तर संशय कार्डावर. पण त्यासाठी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं, इंटेलच्या i5-12400F सारख्यात ते नसतंच.